सतरा दिवसांचं गायरान

नेवासे तालुका म्हटला की डोळ्यांसमोर ऊस येतो. मुळेचे कालवे, सोनईचा आणि भेंड्याचा कारखाना, प्रवरेकाठची काळी कसदार जमीन, प्रवरासंगमाजवळ जायकवाडीचा फुगवटा. पण १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे विस्तीर्ण अभयारण्य जाहीर झालं, त्यात सोलापूर जिल्ह्याबरोबर कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासे हे तालुकेही होते. माळढोक उसात राहत नाही, त्याला उघडं गवताळ माळरान लागतं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत या तालुक्यात असं माळरान सरकारला मोजण्याइतकं दिसत होतं. पुढे अभयारण्याची हद्द बरीच आक्रसली. माळही आक्रसला. कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे नांगर फिरला. उरलेली चराऊ जमीन म्हणजे बहुतेक गावांच्या कडेची गायरानं आणि मुरमाड टेकाडं. घोडेगावच्या बाजारात गुरांची एवढी मोठी उलाढाल होते, आणि त्याच तालुक्यात गुरांना चरायला मोकळी जागा उरली आहे ती एवढीच.

या उरलेल्या जमिनीची स्थिती काय आहे, ती किती तुडवली गेली आहे आणि तिला विश्रांती कधी, किती, कुणाच्या वाट्याची द्यायची, हा या लेखाचा विषय. महाराष्ट्रात याचं एका शब्दात उत्तर द्यायची सवय आहे: चराईबंदी. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून माळ पुन्हा हिरवे केले. हिवरे बाजारात जनावर मोकळं सोडायचं नाही, विळ्याने कापून न्यायचं, हा नियम गावाने पाळला आणि गवत वाढलं. ते खरंच आहे. पण ज्या गावात मेंढपाळ आहेत, भूमिहीनांची शेरडं आहेत, तिथे सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांना बसतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं, तेव्हा हा प्रश्न उघडपणे पुढे आला. मेंढपाळ कुटुंबांचा विरोध होता, आणि डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्यातून वाट निघाली. मला हा टप्प्यांचा विचार अधिक नीट तपासावासा वाटतो, कारण मातीच्या बाजूने पाहिलं तरी तोच बरोबर ठरतो. माती वर्षभर सारखी दुखावली जात नाही. तिचे काही आठवडे फार नाजूक असतात आणि काही महिने ती बरंच सोसते.

आधी दुखणं समजून घेऊ. उभ्या गायीच्या खुराखाली जमिनीवर साधारण दीड किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब पडतो, मेंढीच्या खुराखाली त्याच्या निम्मा. जनावर चालू लागलं की वजन कमी पायांवर येतं आणि दाब वाढतो. हा दाब खोल जात नाही. त्याचा मुख्य परिणाम वरच्या पाच-दहा सेंटिमीटरात होतो. पण पाऊस मुरण्याचा दरवाजा तोच आहे आणि गवताची नवी मुळी फुटते तीही तिथेच. कोरडी माती हा दाब पेलते. ओली माती पेलत नाही, तिच्यातले कण घसरून एकमेकांना चिकटतात आणि मधल्या पोकळ्या मिटतात. म्हणून मे महिन्यात माळावरून शंभर मेंढ्या गेल्या तर धूळ उडते, आणि जुलैत त्याच मेंढ्या भिजल्या जमिनीवर उभ्या राहिल्या तर कडक थर तयार होतो.

इथे नेवाशाच्या दोन मातींत मोठा फरक आहे आणि नियोजनात तो बहुतेक वेळा विसरला जातो. नदीकाठची काळी माती ओलीत फार लवकर दबते, पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, पहिल्या पावसात ती फुगते, पुन्हा आकसते. या हालचालीने तिचा दबलेला थर एक-दोन वर्षांत बराचसा आपोआप मोकळा होतो. टेकाडावरच्या मुरमाड, उथळ मातीला ही देणगी नाही. ती फुगत नाही, भेगाळत नाही. तिथे दबलेला थर मोकळा करणारी शक्ती म्हणजे मुळं, वाळवी, शेणकिडे आणि वेळ. शिवाय उघड्या पडलेल्या मुरमाड मातीवर दुसरंच काहीतरी घडतं. पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळतो, बारीक कण सुटतात, छिद्रांत बसतात आणि वर पातळ पापुद्रा धरतो. खूर न लागताही जमीन बंद होते. म्हणजे काळ्या मातीत पहिला प्रश्न तुडवणीचा आणि माळावर पहिला प्रश्न आच्छादनाचा. गायरानं बहुतेक माळावर आहेत, म्हणून मोजणीची सुरुवात आच्छादनापासून करावी.

ही मोजणी करायला यंत्र लागत नाही. चपलेच्या टोकाला एक खूण करायची आणि गायरानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ चालत जायचं. दर दोन पावलांनी थांबून त्या खुणेखाली नेमकं काय आलं ते लिहायचं: उघडी माती, दगड-मुरूम, वाळला पाचोळा किंवा शेण, बहुवर्षायू गवताचं बूड, किंवा इतर झाडझुडूप. शंभर नोंदी झाल्या की शेकडेवारी हातात येते. सरळ रेषेत चालणं महत्त्वाचं, कारण माणसाचे पाय नकळत बऱ्या जागेकडे वळतात. पाणवठ्याभोवतीची आणि गुरांच्या पायवाटेवरची जागा वेगळी धरायची, ती तर तुडवली जाणारच. आणि पानांचा पसारा मोजायचा नाही, बूड मोजायचं. ऑगस्टमध्ये एका गवताच्या झुपक्याची पानं हातभर पसरतात आणि माळ हिरवा दिसतो. त्याचं बूड मात्र मुठीएवढंच असतं. चांगल्या कुरणातही बुडांचा टक्का फार मोठा नसतो, म्हणून तो कमी दिसला तर घाबरायचं कारण नाही. पाहायचं ते उघड्या मातीकडे. बूड, पाचोळा आणि झुडूप मिळून निम्मी जमीनही झाकली गेली नसेल, तर तिथे माती वाहून जाण्याचा वेग झपाट्याने वाढतो. ही मोजणी वर्षातून दोनदा करावी: एकदा मे अखेर, जेव्हा आच्छादन सर्वांत कमी असतं आणि पहिला वळवाचा पाऊस तोंडावर असतो, आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. दरवर्षी त्याच रेषेवरून. एका वर्षाचा आकडा फारसं सांगत नाही, तीन वर्षांची रांग सांगते.

कोणतं गवत आहे हेही नोंदवावं. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी विभागणी मांडली, तीत दख्खनचा हा भाग पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या नावाने येतो. ही दोन्ही जनावरं आवडीने खातात, म्हणून अतिचराईत तीच आधी जातात. त्यांच्या जागी कुसळी येते. कोवळी असताना ती चालते, पुढे तिची कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात. कुसळीही खाल्ली गेली की खुरटी, एका पावसाची गवतं आणि तरवड उरतो. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून माळावर तो एकटाच डोलताना दिसला की खालच्या गवतांचं काय झालं ते कळतं. सुधारणेचा क्रम याच्या उलट असतो आणि तो सावकाश चालतो.

तुडवण तपासायची तर चांगला भिजवणी पाऊस पडल्यावर दोन दिवसांनी बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई घेऊन जावं. एक सळई गायरानात आणि लगेच दुसरी बांधावर, कुंपणाच्या आत किंवा देवराईत, जिथे गुरं जात नाहीत तिथे, सारख्याच जोराने दाबावी. दोन्हींतला फरक महत्त्वाचा. कोरड्या दिवसात सगळीच जमीन कडक लागते, त्यामुळे ओल सारखी नसेल तर तुलनेला अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या मोजमापात जमिनीचा विरोध दोन मेगापास्कलच्या वर गेला की बहुतेक मुळांची वाढ अडखळते. सळई हा आकडा देत नाही, पण वितीच्या आतच अडली आणि बांधावर सहज शिरली तर थर आहे हे नक्की. मुरमाड जागी सळई दगडावर अडते आणि चुकीचं सांगते. तिथे पाण्याची कसोटी घ्यावी. सहा इंच व्यासाच्या पाइपचा वीतभर तुकडा चारेक बोटं जमिनीत ठोकायचा, आत साडेचारशे मिलिलिटर पाणी ओतायचं. हे साधारण एक इंच पावसाएवढं होतं. ते मुरलं की तेवढंच पुन्हा ओतायचं आणि या दुसऱ्या इंचाला किती मिनिटं लागली ते लिहायचं, कारण पहिला इंच कोरडी जमीन अधाशासारखा पिते. झुपक्याच्या बुडाशी एकदा आणि दोन झुपक्यांच्या मधल्या उघड्या जागी एकदा. या दोन वेळांतली तफावत जितकी मोठी, तितकं त्या माळावरचं पाणी झुपक्यांपाशीच मुरतं आणि बाकीचं ओढ्याला जातं. शेवटी एक खड्डा, वीतभर खोल. मुळं सरळ खाली गेली आहेत की बोटभर खाली जाऊन आडवी वळली आहेत, हे पाहायला कोणतंही मोजमाप लागत नाही.

आता हिशेब. नेवाशाच्या मुरमाड पट्ट्यातल्या एका गावाचं गायरान ४० हेक्टर आहे असं समजू. गावात २०० मेंढ्या-शेळ्या आणि तिथे सुटणारी ६० गाई-म्हशी. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण कुठल्याही ग्रामसभेला आपले आकडे इथे घालता येतील. दिवाळीच्या सुमारास, गवत पिकलेलं असताना, एक मीटर लांब-रुंद चौकट दहा-बारा ठिकाणी न निवडता टाकायची, आतलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. ग्रॅमच्या आकड्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. खराब झालेल्या माळावर हेक्टरी टनाच्या आत वाळलं गवत निघतं. चांगल्या पवन्या-मारवेलच्या कुरणात त्याच्या तिप्पट-चौपट. आपण ८०० किलो धरू. म्हणजे गायरानाचं सगळं गवत ३२ टन. ते सगळं खाऊ द्यायचं नसतं. धड कुरणात निम्मं, खालावलेल्यात एक तृतीयांशच, बाकी जमीन झाकायला आणि बुडाला जगवायला ठेवायचं. म्हणजे हाती आले साधारण १०.७ टन. मेंढीला दिवसाला एक किलो आणि गायीला सात किलो वाळला चारा धरला, तर कळपाची रोजची भूक २०० आणि ४२० मिळून ६२० किलो. भागाकार केला की उत्तर येतं सतरा दिवस.

वर्षाचे सतरा दिवस. या गायरानावर जनावरं मात्र वर्षभर उभी असतात. बाकीच्या दिवसांत तिथे चराई होतच नाही, नवा कोंब वर यायला लागताच तो खुडला जातो आणि खुरांखाली जमीन घोटली जाते. गवताच्या बाजूने पाहिलं तर पहिला घास फारसं बिघडवत नाही. तोडलेल्या जागी मुळांतली साठवण वापरून झुपका नवं पान काढतो. ते पान पुन्हा साठवण भरून देण्याआधीच दुसरा घास पडला की मुळं आखूड होतात. असं दोन-तीन पावसाळे झाले की बूड मरतं.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. हे सतरा दिवस सगळ्यांत वाटायचे नसतात. साठ गाई-म्हशी ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे बहुधा शेत आहे, नोव्हेंबरपासून उसाचं वाढं आहे, ज्वारीचा कडबा आहे, बांधाचं गवत आहे. त्यांनी गायरानावरून पाय काढला तर चित्र पालटतं. चौथा भाग पूर्ण विश्रांतीला ठेवूनही उरलेल्या ३० हेक्टरांत मेंढ्यांसाठी आठ टन गवत आहे, आणि २०० मेंढ्यांना ते चाळीस दिवस पुरतं. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला गायरान, ज्याच्याकडे आहे त्याने घरी बांधून खाऊ घालावं, ही वाटणी न्यायाचीही आहे आणि मातीच्या फायद्याचीही. मेंढीचा खूर हलका, शिवाय ती रात्री गायरानात थांबत नाही. सरसकट चराईबंदीत नेमकी उलटी वाटणी होते: गोठा असलेल्याची गाय गोठ्यात राहते आणि मेंढपाळाला गाव सोडावं लागतं.

आता विश्रांतीचं वेळापत्रक. गायरानाचे चार पट्टे, दहा-दहा हेक्टरचे, ओढा, पायवाट, बांध या असलेल्या खुणांनीच आखलेले. त्यातला एक पट्टा जूनपासून दिवाळीनंतर बी गळेपर्यंत पूर्ण बंद. त्यानंतर त्यात विळा चालेल, जनावर नाही. दरवर्षी पट्टा बदलायचा, म्हणजे प्रत्येकाला चार वर्षांत एक पूर्ण पावसाळा मिळतो. ज्या पट्ट्यात बुडं जवळपास संपलीच आहेत त्याला एक पावसाळा पुरत नाही, तिथे दोन-तीन वर्षं सलग द्यावी लागतात.

उरलेले तीन पट्टे पहिल्या भिजवणी पावसापासून सहा आठवडे बंद. सगळ्या नियोजनात हे सहा आठवडे सर्वांत मोलाचे, कारण त्याच काळात बूड फुटतं, माती ओली असते आणि आच्छादन सर्वांत कमी असतं. गवत वीतभर झालं की तिन्ही पट्ट्यांचे दोन-दोन तुकडे करून मेंढ्या एकेका तुकड्यात तीन दिवस ठेवायच्या. तिसऱ्या दिवसानंतर नवा कोंब वर येऊ लागतो, म्हणून त्याच्या आत हलायचं. चार बोटं गवत राहिलं की थांबायचं, दिवस उरले असले तरी. अशी अठरा दिवसांची एक फेरी ऑगस्ट-सप्टेंबरात. दुसरी, थोडी लांब, दिवाळीनंतर, जेव्हा जमीन कोरडी आणि बी गळलेलं असतं. मुसळधार पाऊस झाला की दोन-तीन दिवस कुठल्याच तुकड्यात जायचं नाही. मातीचा मुठीएवढा गोळा दाबला आणि तो फुटला नाही, तर आज जाऊ नये, एवढी परीक्षा पुरे.

पण जूनअखेर ते ऑगस्टमध्यापर्यंत या मेंढ्या कुठे जाणार? योजना कागदावरून माळावर येते ती इथेच, आणि फसते तीही इथेच. दिवाळीनंतर जी खांडं बाहेर पडतात ती याच सुमारास गावाकडे परतलेली असतात. वाढं संपलेलं, कडबा संपत आलेला. २०० मेंढ्यांचे सहा आठवडे म्हणजे ८.४ टन चारा. ज्या गावाने याचं उत्तर आधी शोधलं नाही त्याचं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात मोडतं, आणि पट्ट्याभोवती कितीही दगड रचले तरी टिकत नाही. नेवाशात एक उत्तर अजून हाताशी आहे. रब्बी ज्वारीची काळी रानं खरिपात पडीक असतात आणि त्यांत तण माजतं. तिथे ओलीत तुडवण होते, पण सप्टेंबरात पेरणीआधी कुळव फिरतोच, दबलेला वरचा थर तो मोडून टाकतो, आणि काळी माती उरलेलं काम भेगांनी करते. गायरानात कुळव कधीच फिरत नाही. म्हणून नाजूक आठवड्यांची तुडवण जिथे दुरुस्त होऊ शकते तिथे न्यायची. मेंढ्या बसवल्या की शेताला लेंडी मिळते, मोबदला म्हणून धान्य किंवा पैसे देण्याची रीत आहेच. ग्रामपंचायतीने फक्त त्या सहा आठवड्यांसाठी शेतकरी आणि मेंढपाळ यांची जोडणी आधी करून ठेवायची. उरलेली तूट बांधाच्या गवताने आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच साठवलेल्या कडब्याने भरावी लागते.

काही जागा विश्रांती देऊनही सुधारत नाहीत. पापुद्रा धरलेले, चकचकीत, पाणी वाहून गेल्याच्या रेघा दिसणारे खळ्याएवढे पट्टे. बी तिथे पडतं आणि पावसाबरोबर वाहून जातं. तिथे उन्हाळ्यात कुदळीने वरचा पापुद्रा फोडायचा, उताराला आडव्या बाभळी-बोरीच्या काट्या अंथरायच्या आणि जवळच्या चांगल्या झुपक्यांचं पिकलं बी टाकायचं. काट्यांत पाचोळा अडकतो, पाचोळ्याखाली ओल टिकते, आणि जनावरही तिथे तोंड घालत नाही. मारवेलची ठोंबंही लावता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे निवडक वाण विकसित केले आहेत आणि विद्यापीठ नेवाशाच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. जनावरांच्या खुरांनीच पापुद्रा फोडून माळ सुधारावा, असं झिंबाब्वेच्या ॲलन सेव्हरींनी जगभर मांडलं. त्यांच्या दाव्याला शास्त्रीय चाचण्यांतून सर्वसाधारण पुष्टी मिळालेली नाही. आधीच घोटलेल्या जमिनीवर तो प्रयोग करू नये असंच मी म्हणेन.

दुसरी चूक उलट दिशेची. गायरान सुधारायचं म्हणून झाडं लावण्याचा मोह होतो. सोलापूरच्या नान्नजला गिरिपुष्पाच्या लागवडीने उघड्या गवताळ जागेचं झुडपी रान झालं आणि माळढोकाला ते सोसलं नाही. गवताची विश्रांती म्हणजे गवताला वेळ देणं. दाट सावलीत पवन्या टिकत नाही.

सुधारणा कशी ओळखायची याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर मोजणीत फक्त पाचोळ्याचा आकडा वाढतो, बुडांचा नाही. तेवढ्याने निराश होऊन पट्टा उघडणं ही नेहमीची घाई. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उघड्या जागी दुसरा इंच मुरायला लागणारी मिनिटं कमी होतात. त्यानंतर कुसळीचे झुपके दाटतात आणि मग, जवळपास कुठे बी शिल्लक असेल तरच, पवन्या-मारवेल परततात. पाचोळा वाढला, मिनिटं तशीच राहिली, तर रात्री कुणाची तरी जनावरं सुटत असावीत.

दुष्काळात हे वेळापत्रक ताणलं जातं. म्हणून तारीख आधीच ठरवावी: १५ ऑगस्टपर्यंत गवत वीतभर झालं नाही तर त्या वर्षी पावसाळी फेरी रद्द, फक्त दिवाळीनंतरची ठेवायची, आणि तोही हिशेब नव्याने चौकट टाकून करायचा. २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात छावण्या उभ्या राहिल्या. त्या जनावरं जगवतात, पण छावणी संपल्यावर पहिल्या पावसात सगळी गुरं एकदम गायरानावर आली तर दुष्काळाने जे केलं नव्हतं ते तीन आठवड्यांत होतं. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात छावणी बंद होण्याच्या तारखेलाच सहा आठवड्यांची अट जोडून घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावाला मोफत चराईसाठी ही जमीन दिलेली असते. कुणी कधी चारायचं याचा ठराव गाव ग्रामसभेत मांडू शकतं. मे अखेरची पहिली मोजणी करायला चपलेवर एक खूण आणि शंभर रकान्यांची वही पुरते.